रिफंड कमी का आला हे गिऱ्हाइकाला कसं लिहून कळवायचं: घरून साड्या विकणाऱ्या नवीन लोकांसाठी

आमचं बेळगावात शहापूरला साडीचं छोटं दुकान आहे आणि गेली काही वर्षं व्हॉट्सअॅप, इन्स्टावरून सांगली, कोल्हापूर, पुण्यापर्यंत साड्या जातात. आता वडगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच जणी घरून हेच काम सुरू करालेत, आणि त्यातल्या प्रत्येकीचा कधी ना कधी मला एकच फोन येतोय, "अक्का, गिऱ्हाईकानं साडी परत पाठवली, मी खर्च कापून पैसे दिले, आता ती म्हणालीय मला फसवलं, काय लिहू?" म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गिऱ्हाईक तुमचा मेसेज वाचताना दुसऱ्या हातात बँकेचा एसएमएस धरून बसलेली असते, तिला २४८० गेलेले आठवतात आणि २०३० आलेले दिसतात, मधले ४५० कुठं गेले एवढाच तिचा प्रश्न आहे, आणि तुमच्या चिठ्ठीनं तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर असं द्यायचं की तिला स्वतःला वजाबाकी करून बघता यावी.

आधी बघा, कापायचा हक्क तुम्हाला आहे का

ही पायरी सगळे गाळतात आणि भांडण इथूनच सुरू होतंय. साडी परत का आली? तुम्ही चुकीची साडी पाठवली, विणीत दोष निघाला, डाग होता, पोस्टमध्ये लिहिलं सिल्क आणि निघालं दुसरंच, किंवा सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा पोचली म्हणून परत आली, तर एक रुपयासुद्धा कापायचा नाही, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमच्या अंगावर. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत त्यात विक्रेत्याला असा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात असंय की बिलावर मुदत लिहिली नसेल तर दोष असलेल्या मालाला ३० दिवस धरायचे. गिऱ्हाईक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकते हेही लक्षात असू द्या.

रंगाचा मामला मात्र अवघड आहे. फोटोत डाळिंबी दिसली आणि हातात आल्यावर मरून वाटली, तर चूक कोणाची? मी असं करते: साडी परत आली की ती दुपारी बारा-एकला दाराजवळ उजेडात धरते आणि आपलीच पोस्ट मोबाइलवर उघडून शेजारी ठेवते. पोस्टमध्ये "डाळिंबी" लिहिलं असेल आणि साडी उघड उघड मरून असेल तर ती माझी चूक, पूर्ण पैसे परत. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो असला की लाल रंग नेहमी जास्त पेटतो, त्यामुळं असा फोटो टाकला असेल तर मी गिऱ्हाइकाच्याच बाजूनं निकाल देते. रंग पोस्टप्रमाणंच असेल आणि कारण "घरी आणून बघितलं तर आवडली नाही" असं असेल तरच खर्च कापायचा विषय येतोय.

दुसरी अट: कापणार असल्याचं तिला पैसे भरायच्या आधी दिसलेलं पाहिजे. पोस्टखाली, किंवा क्यूआर कोड पाठवायच्या आधीच्या मेसेजमध्ये, टक्क्यासकट. नंतर बिलाच्या मागं बारीक छापलेलं चालत नाही. हे लिहिलेलंच नसेल तर यावेळी पूर्ण पैसे द्या आणि आजपासून लिहायला लागा, कारण न सांगितलेली कपात समजावणारी चांगली चिठ्ठी लिहिताच येत नाही, मी प्रयत्न केलाय. पहिल्या वर्षी एका ताईंना रिस्टॉकिंगचे, म्हणजे परत आलेली साडी पुन्हा विक्रीला तयार करायचे पैसे कापल्यावर तीन पानी मेसेज पाठवला होता, त्यांनी एवढंच विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं वो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, कापलेले पैसे दुसऱ्या दिवशी परत पाठवले.

आता एक हिशोब पूर्ण करून बघूया

सांगलीच्या एका ताईंनी इरकल साडी घेतली. साडी २४०० रुपये, कुरिअर ८०, एकूण २४८० यूपीआयनं भरले. साडी बरोबर गेली, रंग बरोबर, पण त्यांच्या वैनींकडं त्याच रंगाची निघाली म्हणून पाचव्या दिवशी परत करायचं ठरवलं. आमच्या पोस्टखाली लिहिलेलं असतंय: ७ दिवसांत परत चालेल, फॉल-पिको केलेली चालणार नाही, आवडली नाही म्हणून परत केली तर दोन्ही वेळचं कुरिअर आणि साडीच्या किमतीच्या १० टक्के कापले जातील.

कुरिअर जाताना ८० झालं होतं. येताना १३० झालं. रिस्टॉकिंग २४०० चे १० टक्के म्हणजे २४०. लक्षात घ्या, १० टक्के फक्त साडीच्या किमतीवर, २४८० वर नाही. बऱ्याच नवीन पोरी एकूण रकमेवर टक्के लावतात आणि २४८ कापतात, म्हणजे कुरिअरवर पण रिस्टॉकिंग घेतल्यासारखं होतंय. रक्कम आठच रुपयांची, पण गिऱ्हाइकानं कॅल्क्युलेटर काढला की तुमच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास त्या आठ रुपयांत जातोय. तर २४८० मधून ८०, १३० आणि २४० गेले, राहिले २०३०.

जाताना ८० आणि येताना १३० कसं, हा प्रश्न शंभर टक्के येणार, म्हणून त्याचं कारण तुम्हाला आधी कळलेलं पाहिजे. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकाराचं वजन यात जे जास्त असेल ते धरतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं, काही कंपन्या वेगळा आकडा धरतात तेवढं आपल्या कुरिअरवाल्याला विचारून घ्या. आमचं खोकं ३५ बाय २५ बाय ५, म्हणजे ४३७५, भागिले ५००० केलं की ०.८७५ किलो, एक किलोच्या आत बसतंय. ताईंनी आमचं खोकं टाकून दिलं होतं आणि घरातल्या दुसऱ्या खोक्यातनं पाठवली, ३० बाय २५ बाय १०, म्हणजे ७५००, ते दीड किलो झालं. साडी तीच, काट्यावर ७०० ग्रॅमच, पण पैसे दीड किलोचे लागले.

यावर उपाय चिठ्ठीत नाही, त्याच्या आधीच्या मेसेजमध्ये आहे. परत घ्यायला हो म्हणता त्याच मेसेजमध्ये लिहा, "साडी आमच्याच खोक्यात घाला, मोठं खोकं झालं तर कुरिअर जास्त लागतंय आणि ते तुमच्याच रिफंडमधून जातंय." आणि निपाणी, चिकोडी, खानापूरकडची गिऱ्हाईक असेल तर बेळगावला बाजाराला येणार आहात का विचारा, दुकानात आणून दिली तर त्या १३० ची ओळच चिठ्ठीतून जाते. कोल्हापूरच्या पण कितीतरी बायका लग्नाच्या खरेदीला इकडं येतच असतात.

रिस्टॉकिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे

"रिस्टॉकिंग फी" हा शब्द एकटा लिहून सोडू नका, गिऱ्हाइकाला तो दंड वाटतो. साडी परत आली की आपण काय करतो ते बघा: पूर्ण उघडून पदरापासून काठापर्यंत तपासतो, घडी मोडलेली असते म्हणून पॉलिश-इस्त्रीला देतो, पुन्हा दुकानाची घडी घालतो, नवीन कव्हर, नवीन खोकं, नवीन टॅग, परत फोटो आणि स्टॉकच्या वहीत नोंद. शिवाय गिऱ्हाइकानं पेमेंट गेटवेच्या लिंकवरून पैसे भरले असतील तर गेटवेनं घेतलेलं कमिशन, साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ते रिफंड केल्यावर बहुतेक ठिकाणी आपल्याला परत मिळत नाही. २४८० वर ते जवळजवळ ५९ रुपये होतात.

पण हे ५९ रुपये चौथी ओळ करून कापू नका. आधी तीन कपाती सांगितल्या होत्या, चिठ्ठीत चार आल्या, की तिच्या दृष्टीनं तुम्ही शब्द फिरवला. तो खर्च १० टक्क्यांतच धरून चालायचा आणि १० टक्के पुरत नसतील तर पुढच्या पोस्टपासून टक्का बदलायचा, आलेल्या ऑर्डरवर नाही.

"फ्री डिलिव्हरी" लिहिलेल्या साडीचं पण असंच. गिऱ्हाइकानं कुरिअरचे पैसे वेगळे भरलेच नाहीत तर जातानाचं कुरिअर कापायचं असेल तर "परत केल्यास पाठवणीचे इतके कापले जातील" हे आकड्यासकट आधी लिहिलेलं पाहिजे. नसेल लिहिलं तर ते विसरा, फ्री म्हटलंय ते फ्रीच.

चिठ्ठी लिहिताना

सुरुवात साडी मिळाली आणि किती रुपये परत केले यानं करायची. "तुमच्या ऑर्डरसंदर्भात कळविण्यात येते की" असलं काही नको. मग हिशोब, एका ओळीत एक रक्कम, वरती तिनं भरलेली रक्कम आणि खाली तिच्या खात्यात येणारी रक्कम, दोन्ही अगदी एसएमएसमध्ये दिसतात तशाच. मग प्रत्येक कपातीचं कारण एकेका वाक्यात. मग पैसे कुठल्या मार्गानं, कधी पोचतील आणि व्यवहाराचा नंबर काय. शेवटी हिशोब चुकीचा वाटला तर कोणाशी बोलायचं.

मी सांगलीच्या ताईंना पाठवलेली चिठ्ठी अशी होती:

> नमस्कार ताई,
> तुमची इरकल साडी काल दुकानात पोचली. उघडून बघितली, साडी चांगली आहे. तुमचे २०३० रुपये आज दुपारी परत पाठवले.
>
> तुम्ही भरलेले: २४८० (साडी २४००, कुरिअर ८०)
> वजा, साडी तुमच्याकडं पाठवली ते कुरिअर: ८०
> वजा, साडी परत आणली ते कुरिअर: १३०
> वजा, साडी पुन्हा विक्रीला तयार करायचा खर्च, २४०० चे १० टक्के: २४०
> तुम्हाला परत: २०३०
>
> येतानाचं कुरिअर जास्त आहे कारण खोकं मोठं होतं आणि कुरिअरवाले खोक्याच्या आकारावर पैसे घेतात. त्याची पावती खाली जोडलीय. २४० रुपयांत साडीची तपासणी, पॉलिश-इस्त्री, नवीन घडी आणि पॅकिंग येतंय. या तिन्ही कपाती साडीच्या पोस्टखाली लिहिलेल्या होत्या, त्याचा फोटो पण जोडलाय.
>
> पैसे तुम्ही ज्या यूपीआयवरून भरले त्याच खात्यात येतील. व्यवहाराचा नंबर खाली दिलाय. उद्या संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत तर मला सांगा, मी इथून चौकशी करते. पैसे यायला तुम्हाला पिन किंवा ओटीपी टाकावा लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका.
>
> हिशोबात काही चुकलंय वाटलं तर याच नंबरवर फोन करा, दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतंय.

"या तिन्ही कपाती पोस्टखाली लिहिलेल्या होत्या" हे वाक्य मुद्दाम कारणांच्या नंतर टाकलंय. तेच पहिल्या ओळीत टाकलं असतं तर "आधीच सांगितलं होतं की" असा सूर लागला असता आणि पुढचं वाचलंच गेलं नसतं. "आमच्या पॉलिसीनुसार" एवढंच लिहिणारे बरेच बघितलेत, त्यात तिला हिशोब मिळत नाही, फक्त दार लावलेलं दिसतं.

पावतीचा फोटो जोडताना त्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन दिसत नाही ना एवढं बघा. कुरिअरवाला एकाच कागदावर पाच-सहा पार्सलं लिहून देतो, अशा वेळी बाकीचं झाकून फोटो काढायचा.

पिन-ओटीपीची ओळ मी प्रत्येक चिठ्ठीत ठेवते. रिफंडच्या नावाखाली फसवणारे फोन आता गावोगावी येतात, त्यामुळं पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आपणच सांगितलं तर तिचा जीव पण निश्चिंत होतो.

यूपीआयचे पैसे बहुतेक लवकर पोचतात पण कार्डनं भरले असतील तर ५ ते ७ कामाचे दिवस लागू शकतात, तसं लिहा, "लवकरच" लिहू नका. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर असेल तर परत पाठवायला खातंच नसतंय, मग तिच्याकडून यूपीआय आयडी लिहून मागवायचा, आधी त्यावर दिसणारं नाव तिला पाठवून "हेच ना?" विचारायचं, हो आल्यावरच पैसे सोडायचे.

भाषा

आपल्याकडं एकाच दिवशी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही गिऱ्हाईकं असतात. मी हिशोबाच्या ओळी तिन्ही भाषांत एकाच क्रमानं लिहून मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवल्यात, फक्त आकडे बदलायचे. कन्नडवाली शेजारच्या दुकानातल्या मामांकडून एकदा वाचून घेतली, कारण मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ "तुम्ही साडी खराब केली म्हणून कापले" असा निघत होता म्हणे. मोबाइलवर भाषांतर करून सरळ पाठवत असाल तर निदान कपातीच्या ओळी तरी कोणाला तरी दाखवा.

पाठवल्यावर काय बघायचं

ताईंचं उत्तर आलं, "१३० बद्दल माहीत नव्हतं, पण कळालं." म्हणजे चिठ्ठी पोचली. "कळालं पण पटलं नाही" असं आलं तरी चालतंय, ते बोलून सुटतं. "बाकीचे पैसे कधी येणार?" असं उत्तर आलं तर समजायचं की हिशोब वाचलाच गेला नाही, मग तीच चिठ्ठी परत पाठवायची नाही, फोन करून आकडे तोंडी सांगायचे आणि मग फक्त त्या पाच ओळी पुन्हा पाठवायच्या.

कधी गिऱ्हाईक बरोबर असते. एकदा एका अक्कांनी सांगितलं की परतीचं पार्सल त्यांनी स्वतः पोस्टानं पैसे भरून पाठवलंय, आणि मी सवयीनं परतीचं कुरिअर कापलं होतं. असं झालं की वाद न घालता राहिलेले पैसे त्याच दिवशी पाठवा आणि दुरुस्त केलेला पूर्ण हिशोब पुन्हा लिहा, नुसता "बाकी पाठवले" असा मेसेज नको, कारण आता तिच्याकडं दोन एसएमएस आहेत आणि दोन्ही मिळून बेरीज जुळली पाहिजे.

जीएसटी नंबर असेल तर परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करावी लागते, त्यात मूळ बिलाचा नंबर टाका. आपण कर्नाटकात आणि सांगली-कोल्हापूर महाराष्ट्रात, त्यामुळं मूळ बिल आयजीएसटीचं असतंय, क्रेडिट नोट पण तशीच निघाली पाहिजे. खानापूरच्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी-एसजीएसटी. कापून ठेवलेल्या २४० वर कर कसा धरायचा ते तुमच्या टॅक्सवाल्याला एकदा विचारून घ्या, आणि चिठ्ठीची एक प्रत त्यालाही द्या, त्याला त्यातले आकडे लागतात.

चिठ्ठी, कुरिअरची पावती, पोस्टचा फोटो आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हे चार एकाच फोल्डरमध्ये ऑर्डर नंबरनं ठेवा. पोस्ट नंतर डिलीट केली किंवा टक्का बदलला की जुन्या अटी दाखवायला दुसरं काही उरत नाही, म्हणून पोस्टचा फोटो ऑर्डर आली त्याच दिवशी काढायचा.